मसुदा स्वाक्षरीसाठी सादर

कारकुनाच्या हातून आयुष्यात हजारो पत्रे लिहिली जातात आणि त्यांतल्या एकाही पत्राखाली त्याचे नाव नसते. केंद्र सरकारच्या येथील एका कार्यालयात मी गेली चौदा वर्षे हेच काम करीत आलो आहे. साहेबांच्या मनातले अर्धे वाक्य ओळखावे, ते पूर्ण करावे, योग्य त्या नियमाचा दाखला द्यावा आणि कागदाच्या माथ्यावर 'मसुदा स्वाक्षरीसाठी सादर' असे लिहून फाइल वर पाठवावी. सही होऊन कागद परत आला की ते पत्र साहेबांचे होते. त्यात मला कधी वावगे वाटले नाही, आजही वाटत नाही. तरी या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी माझ्या भाचीने एक ई-मेल माझ्यापुढे ठेवला आणि त्या दिवसापासून पुढचे दहा-बारा दिवस माझ्या या जुन्या सवयीची जी परीक्षा झाली, ती सांगावीशी वाटते.

आमचे घराणे जबलपुरात चौथ्या पिढीचे. थोरली बहीण राइट टाउनमध्ये राहते. रविवारी सकाळी तिच्याकडे पोहे खायला जायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम आहे. तिची मुलगी येथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी पोह्यांची बशी अजून माझ्या हातातच होती, तेवढ्यात तिने लॅपटॉप आणून समोर ठेवला.

"मामा, तू रोज पत्रं लिहितोस ना? हे जरा देखून घे. उद्या सरांना पाठवायचं आहे."

(आमच्या घरच्या मराठीत हिंदी अशी बिनदिक्कत येऊन बसते. पुण्याच्या नातलगांना ती खटकते. आम्हांला मात्र तिच्यावाचून करमत नाही.)

ई-मेल इंग्रजीत होता. त्याचा सारांश असा : आदरणीय सर, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. मी आपल्या महाविद्यालयाची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून कष्टाळू, प्रामाणिक व ध्येयनिष्ठ आहे. व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेण्याची माझी लहानपणापासूनची इच्छा आहे. तरी कृपया मला एक चांगले शिफारसपत्र लवकरात लवकर द्यावे, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.

व्याकरणाची चूक एकही नव्हती. मी म्हटले, "पत्र चांगलं आहे. पण हे तुझं आहे कशावरून?"

तिला प्रश्न कळला नाही. मी तिला आमच्या कचेरीतली एक रीत सांगितली. वरिष्ठांकडे टिपण पाठवायचे, तर ते वाचताना त्यांना दुसरा कोणताही कागद मागवावा लागू नये. मागचा पत्रव्यवहार काय, तो कोणत्या पानावर आहे, आता नेमके काय हवे आणि केव्हापर्यंत, हे सगळे त्या एका टिपणात असले पाहिजे. ज्या टिपणावर साहेब 'कृपया बोला' असे लिहून ते परत पाठवतात, ते टिपण फसले असे समजावे. या ई-मेलात मागचा संदर्भ नव्हता, हवे काय ते मोघम होते आणि मुदत म्हणून 'लवकरात लवकर' एवढेच होते. कोणत्याही मुलीने कोणत्याही सरांना तो पाठवला असता तरी चालला असता. आणि ज्या अध्यापकाच्या हाताखालून दर वर्षी शंभर-सव्वाशे मुले जातात, त्याने असा ई-मेल वाचून उत्तर तरी काय द्यावे? तोही मग कोणत्याही मुलीला चालेल असेच पत्र देणार.

हे मी अनुभवाने बोलत होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना मलाही व्यवस्थापन शिकायची हौस होती. बाहेरगावच्या एका संस्थेने अर्जासोबत अध्यापकाचे पत्र मागितले होते. मी माझ्या एका प्राध्यापकांना अगदी अशीच चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या दिवशी टंकलिखित पत्र हातात पडले. पहिल्या परिच्छेदात माझे नाव होते. दुसऱ्या परिच्छेदात मात्र आदल्या वर्षीच्या कुणा विद्यार्थ्याचे नाव तसेच राहून गेले होते. मला इतकी लाज वाटली, की ते मी परतही नेऊन दिले नाही आणि अर्जही पाठवला नाही. पुढे स्पर्धापरीक्षा दिली आणि नोकरीला लागलो. त्या प्राध्यापकांवर मात्र माझा कित्येक वर्षे राग होता. भाचीचा ई-मेल वाचताना प्रथमच वाटले, की मी त्यांच्या हाती तरी काय दिले होते? त्या चिठ्ठीत माझ्यापुरते असे फक्त नावच होते, आणि तेवढे त्यांनी बरोबर लिहिले होते.

मग मी भाचीला विचारले, "सरांनी लिहायचं काय आहे? ते आधी दाखव."

आपल्याकडच्या आय.आय.एम.मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची निवड कॅट परीक्षेचे गुण, आजवरची गुणपत्रके आणि मुलाखत यांवर होते. शिफारसपत्राचे तेथे सहसा काम पडत नाही. म्हणूनच आपल्या अध्यापकांना असल्या पत्रांचा सराव कमी असतो. भाचीचा अर्ज होता तो अमेरिकेतल्या एका संस्थेसाठी. तेथे पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज करता येतो. निवड झाली तर जागा राखून ठेवतात, आणि दोन-चार वर्षे नोकरी करून मग तेथे दाखल व्हायचे. नोकरी केलेला माणूस आपल्या वरिष्ठांचे पत्र आणतो. जिला अजून कुणी वरिष्ठच नाही, तिला अध्यापकाकडे जावे लागते.

तिने त्या पत्राचा नमुना उघडून दाखवला. जीमॅट ही परीक्षा घेणाऱ्या मंडळाने असा एक सामाईक नमुना तयार केला आहे आणि अनेक संस्था तो वापरतात. त्यात गुणावगुणांचा एक तक्ता आहे. पुढाकार, सचोटी, इतरांविषयीचा आदर, अशा एकेका गुणापुढे पायऱ्या दिल्या आहेत आणि विद्यार्थी कोणत्या पायरीवर आहे तेवढी खूण करायची आहे. तक्त्याबाहेर खरे प्रश्न तीनच. पहिला, तुमचा आणि अर्जदाराचा संबंध काय? त्याचे उत्तर दोन-तीन ओळींत द्यायचे. दुसरा, त्याच जागी असलेल्या इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत याचे काम कसे? आणि तिसरा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही अर्जदाराला सुधारणेसाठी केलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी केली आणि त्यावर त्याने काय केले?

कचेरीत मी अनेकांचे गोपनीय अहवाल टंकलेखनासाठी तयार होताना पाहिले आहेत. 'परिश्रमी', 'विश्वासू', 'उत्तम' असे शब्द तेथे रबरी शिक्क्यासारखे उमटत जातात. पण या तिसऱ्या प्रश्नाला शिक्का चालत नाही. त्याला प्रसंग लागतो. अध्यापकाने त्या मुलीला एकदा तरी टोकलेले असले पाहिजे, ते त्याला आठवले पाहिजे आणि नंतर ती काय करते आहे याकडे त्याचे लक्ष गेलेले असले पाहिजे. नुसत्या स्तुतीच्या बळावर येथे एक ओळही पुढे जाता येत नाही.

शिफारसपत्राचे सगळे वजन त्या पाहिलेपणात असते, हे मी भाचीला सांगू लागलो आणि मला डॉ. आंबेडकरांची गोष्ट आठवली. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली ते शिकले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले, तेव्हा सप्टेंबरमध्ये सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले. गंमत अशी, की पुढे नोव्हेंबरमध्ये फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांना जे पत्र लिहिले, त्यात या तरुणाचे डॉक्टरेटचे काम आधीच होऊन गेले आहे हे आपण विसरलो होतो, अशी कबुली आहे. एवढ्या थोर माणसाच्या बाबतीतही प्राध्यापक विसरतात! सेलिग्मन मात्र विसरले नव्हते. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा आंबेडकरांचा ग्रंथ निघाला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. काम डोळ्यांखालून गेलेले असले, म्हणजे नऊ वर्षांनीही त्याविषयी लिहिता येते.

"तुझं कोणतं काम या सरांच्या डोळ्यांखालून गेलं आहे?" मी विचारले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकच आहे. पण त्यात ते माझ्यावर रागावले होते. ते कशाला लिहायचं?"

त्या प्रसंगाची हकीकत तिने सांगितली ती अशी. तिसऱ्या वर्षाला चार जणांच्या गटाला एक छोटा प्रकल्प होता. महाविद्यालयाच्या कर्मशाळेत विद्यार्थ्यांचे काम लेथवर चढेपर्यंत किती वेळ वाया जातो आणि तो का जातो, हे घड्याळ लावून मोजायचे होते. भाचीने सकाळच्या पाळीत बारा नोंदी घेतल्या. सरासरी सात मिनिटे आली. गटातल्या एका मुलाने दुपारच्या पाळीत नऊ नोंदी घेतल्या. त्यांची सरासरी निघाली एकोणीस मिनिटे. भाचीला वाटले, याने घड्याळ नीट लावले नसणार. दोन्ही एकत्र केल्या तर सरासरी सातावरून बारावर जात होती आणि लेथ कमी पडतात हा तिचा निष्कर्ष विस्कटत होता. तिने त्या नऊ नोंदी गाळल्या आणि अहवाल सादर केला. त्या मुलाला विचारलेसुद्धा नाही.

सरांनी मूळ वही मागवली. खोडलेल्या नऊ ओळींवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे आकडे चुकीचे आहेत असं तुला कुणी सांगितलं?" ती निरुत्तर झाली. तेव्हा ते म्हणाले, "ज्याने मोजलं त्याला आधी विचार, आणि मग माझ्याकडे ये."

विचारल्यावर उलगडा झाला. दुपारी हत्यारे देणाऱ्या खोलीच्या खिडकीवर एकच माणूस असे. मुले तेथे रांगेत उभी राहात आणि लेथ रिकामे पडलेले असत. पुढे दोन आठवडे चौघांनी मिळून दोन्ही पाळ्यांत आणखी चाळीस नोंदी घेतल्या. अडचण लेथची नव्हती, खिडकीची होती. अहवाल पुन्हा लिहिला गेला आणि त्यात त्या मुलाच्या नोंदींचा तक्ता त्याच्या नावाने पहिल्या पानावर आला.

मी हातातली बशी खाली ठेवली. म्हटले, "अगं, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे."

तिला ते पटेना. आपल्या हातून झालेली चूक आपणच कशी आठवून द्यायची? आणि वाचणाऱ्यांनी तिलाच धरून बसायचे ठरवले तर? तिची भीती अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. चूक सांगून उत्तर तेथेच थांबले, तर ते नुसते कबुलीपत्र होते. पण प्रश्नाचा शेवटचा तुकडा 'त्यावर त्याने काय केले' हा आहे, आणि चाळीस नोंदी व पहिल्या पानावरचा तक्ता हे त्याचे उत्तर आहे. शिवाय हे सर्व सरांनी स्वतः पाहिलेले; त्यांना कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. बाराच्या सुमारास आमचा नवा ई-मेल तयार झाला. त्याचा मराठी तर्जुमा येथे देतो.

"विषय : व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्राची विनंती, मुदत ८ एप्रिल.

आदरणीय सर, मी यंत्रशाखेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. तिसऱ्या वर्षी आपण आम्हांला उत्पादन-अभियांत्रिकी शिकवलीत, आणि कर्मशाळेतील प्रतीक्षावेळेच्या प्रकल्पाला आपले मार्गदर्शन होते. मी दुपारच्या नऊ नोंदी गाळल्या होत्या, त्या आपण परत घ्यायला लावल्यात. नंतरचा अहवाल सोबत जोडला आहे.

अमेरिकेतील एका संस्थेच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करीत आहे. त्यासाठी एका अध्यापकाचे पत्र हवे आहे. माझे काम जवळून पाहिलेले अध्यापक आपणच आहात, म्हणून आपणांस विचारीत आहे. पत्रात तीन प्रश्न व एक तक्ता असून तो नमुना जोडला आहे. ते ८ एप्रिलला रात्री साडेनऊच्या आत संस्थेच्या संकेतस्थळावर आपणच भरावयाचे आहे. मला ते दिसणार नाही.

आपणांस वेळ नसेल, किंवा माझ्याविषयी अनुकूल लिहिता येईल असे वाटत नसेल, तर तसे निःसंकोच कळवावे. आपला होकार आल्यावरच मी आपले नाव अर्जात घालीन."

शेवटच्या दोन वाक्यांवर बहिणीने स्वयंपाकघरातून आक्षेप घेतला. "नकार द्यायला आपणच कशाला शिकवायचं?" पण ती वाक्ये मी मुद्दाम ठेवली होती. अध्यापक तोंडावर नाही म्हणत नाही. नाइलाजाने हो म्हणतो आणि मग कोमट पत्र लिहितो, आणि ते कोमट आहे हे अर्जदाराला कधीच कळत नाही. त्यापेक्षा आधीच आलेला नकार परवडतो. दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हाती वेळ उरतो.

नाव आधी न घालण्याचेही कारण होते. अर्जात अध्यापकाचे नाव आणि ई-मेलचा पत्ता भरून बटण दाबले, की संस्थेच्या यंत्रणेकडून त्यांना आपोआप एक दुवा जातो. भाची ते बटण त्याच रात्री दाबणार होती. म्हणजे सरांना तिची विनंती कळण्याआधी परक्या यंत्राची आज्ञा मिळाली असती. आणि असली पत्रे पुष्कळदा स्पॅमच्या टोपलीत पडतात, तेव्हा कदाचित तीही मिळाली नसती. पत्त्याच्या बाबतीतही मी तिला थांबवले. खाजगी जीमेलपेक्षा महाविद्यालयाचा पत्ता द्यावा, म्हणजे लिहिणारा खरोखरच तेथला अध्यापक आहे याविषयी शंका राहत नाही. मुदत तिने 'दुपारी बारा' अशी टिपून ठेवली होती; ते न्यूयॉर्कचे बारा होते. एप्रिलमध्ये ते आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ होतात. येथे चूक आपल्या फायद्याची होती, पण पुढेमागे उलटीही होऊ शकते.

आणखी एक खूण अर्जात होती. 'हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडते.' १९७४ च्या एका अमेरिकन कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. तो सोडला नाही तर लिहिणारा हात राखून लिहितो, असा समज आहे. भाचीने ती खूण केली. पुढे काय लिहिले गेले हे आम्हांला कळणार नव्हते ते त्यामुळेच.

सोमवारी ई-मेल गेला. शुक्रवारी उत्तर आले. सायंकाळी मी कचेरीतून सुटून सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये बसलो होतो, तेथे ती धावतपळत आली आणि फोन पुढे केला. उत्तर दोनच ओळींचे होते : जरूर. तूच मसुदा तयार करून पाठव, मी पाहून भरीन.

ती खूश होती आणि खरे सांगायचे तर मीही झालो. मसुदा! हा तर माझा प्रांत. सरांना दोष द्यावा असे मला मुळीच वाटले नाही. मार्च महिना, परीक्षांची कामे, तपासायच्या वह्या, आणि इंग्रजीत दोन पाने लिहायची. आपल्याकडे ही वहिवाटच पडून गेली आहे. मी तिला म्हटले, "उद्यापर्यंत देतो."

त्या रात्री जेवणानंतर मी कागद घेऊन बसलो. पहिला प्रश्न पाच मिनिटांत झाला. दुसऱ्यात मी रंगलो. चौदा वर्षांचा हात. 'माझ्या प्रदीर्घ अध्यापनकाळात' अशी सुरुवात केली आणि भाचीला वर्गातल्या पहिल्या दोघांत बसवले. मग तिसरा प्रश्न आला. प्रसंग मला पाठ होता. 'मी तिची वही मागवली,' असे लिहिले, आणि पुढचे वाक्य सुचेना. वही मागवावी असे त्यांना का वाटले? खोडलेल्या ओळी पाहून त्यांना राग आला की वाईट वाटले? ती दुसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्यांनी काय पाहिले? यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. भाचीलाही नव्हते. ते फक्त एका माणसाला ठाऊक होते आणि मी त्याच्या नावाने 'मी' असे लिहीत बसलो होतो.

साहेबांच्या नावाने मी रोज लिहितो, ते कचेरीचे म्हणणे असते. साहेब बदलले तरी पत्र तेच राहते. त्यांच्या जागी कुणीही आले तरी तीच सही चालते. येथे तसे नव्हते. ही साक्ष होती, आणि साक्षीदाराच्या तोंडी पक्षकाराच्या मामाने शब्द घालायचे, हे माझ्यासारख्या मसुदेबाजालाही रात्री अकरा वाजता जड जाऊ लागले. तरी मी ते पूर्ण केले, हेही सांगितले पाहिजे. दोन पाने झाली. भाषा उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी ती पाने घेऊन बहिणीकडे गेलो. भाचीने ती उभ्यानेच वाचली. दुसऱ्या पानावर ती थांबली.

"मामा, सर असं म्हणाले नव्हते."

"मग काय म्हणाले होते?"

"तेच. ज्याने मोजलं त्याला आधी विचार." थोडे थांबून ती म्हणाली, "आणि मी परत तेच करते आहे की. त्यांचे आकडे मीच भरते आहे."

यावर मला उत्तर नव्हते. तरी मी सवयीने एक प्रयत्न केला. म्हटले, सगळेच असे करतात. तिने मुकाट्याने नमुन्यातल्या सूचना काढून दाखवल्या. पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, अर्जदाराने लिहिता कामा नये, असे तेथे स्पष्ट होते, आणि शेवटी सरांना तशी ग्वाही द्यायची होती. म्हणजे मसुदा पाठवला असता, तर खोटे बोलायची पाळी आमच्याआधी त्यांच्यावर आली असती. तीही आमच्या उपकारापोटी.

पण पेच असा, की सरांना 'तुम्ही सांगता ते बरोबर नाही' असे विद्यार्थिनीने लिहायचे कसे? या कामी मात्र माझी कारकुनी उपयोगी पडली. वरिष्ठांना त्यांची चूक दाखवायची असेल, तर नियम पुढे करावा आणि स्वतः मागे राहावे. दुसरा ई-मेल चारच ओळींचा झाला. आपण होकार दिलात त्याबद्दल कृतज्ञ आहे. संस्थेच्या नियमानुसार मला मसुदा करता येत नाही, आणि आपणांस तशी ग्वाही द्यावी लागेल. संबंधित सूचना जोडल्या आहेत. आपला वेळ वाचावा म्हणून तारखा, नोंदींची मूळ वही आणि दोन्ही अहवाल एका पानाच्या टिपणासह पाठवीत आहे. आपण सांगाल तेव्हा पंधरा मिनिटे येऊन भेटेन.

त्या एका पानावर तिने एकही विशेषण घातले नाही. प्रकल्प केव्हा सुरू झाला, पहिला अहवाल कोणत्या तारखेला दिला, वही केव्हा मागवली गेली, चाळीस नोंदी कोणत्या दोन आठवड्यांत घेतल्या, कुणी किती घेतल्या, शेवटी गुण किती मिळाले. कचेरीत याला आम्ही घटनाक्रम म्हणतो. हे सरांच्या आठवणीला आधार देणारे होते. मत मात्र त्यांनाच बनवावे लागणार होते.

चार दिवस उत्तर नाही. बहीण मला उघडपणे बोलू लागली. भाची काही बोलत नसे, पण तिने दुसऱ्या एका अध्यापिकेचे नाव काढून ठेवले होते, हे मला मागाहून कळले. पाचव्या दिवशी सरांनी तिला खोलीवर बोलावले. वही त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली.

"त्या मुलाला तू विचारायला गेलीस, तेव्हा तो आधी काय म्हणाला?"

तिने खरे ते सांगितले. तो म्हणाला होता, 'आता कशाला विचारतेस?' सर जरा हसले, कागदावर काहीतरी टिपले आणि म्हणाले, "ठीक. तुझं नाव घाल."

अर्जात शिफारसपत्राची स्थिती दाखवणारी एक ओळ असते. दुवा पाठवला, पत्र सुरू केले, पत्र सादर झाले, एवढेच ती सांगते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात एके रात्री पावणेबाराला भाचीचा निरोप आला, की ओळ बदलली आहे. सरांनी काय लिहिले, तक्त्यात तिला कोणत्या पायऱ्यांवर बसवले, त्या मुलाचे ते वाक्य पत्रात आले की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी पोहे खायला गेलो तेव्हा माझ्या मसुद्याची चौकशी केली. तो बहिणीने फेकला नव्हता. कागद एका बाजूने कोरा होता, म्हणून तिने त्याच्यावर किराण्याची यादी केली होती आणि तो फ्रिजच्या दारावर लावून ठेवला होता. तूरडाळ दोन किलो, रवा एक किलो, शेंगदाणे, आणि खाली भाचीच्या अक्षरात : मामासाठी पोहे.